दादीची मुलाखत : प्रश्न, चौकट आणि मधली चित्रे

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरातील एखाद्या वृद्ध माणसाची आठ-दहा मिनिटांची चित्रमुलाखत कशी आखावी, या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. माझी उमेद माहितीपटांच्या संकलनात, म्हणजे दुसऱ्यांनी घेतलेले चित्रण कापण्यात आणि जोडण्यात गेली. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने त्या दिवशी काय केले नाही याचा हिशेब शेवटी माझ्या टेबलावर येत असे. त्या टेबलावरून जे दिसले तेवढेच मी सांगणार आहे.

सगळे नियम एकामागून एक सांगत बसलो तर घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहणार नाही. म्हणून एकच उदाहरण घेतो. अकरावीतील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी आपल्या दादींची मुलाखत घेतली. आखणीला आणि संकलनाला मी तिच्याजवळ बसलो होतो. दादींचे वय ८४, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे. त्यांचे यजमान मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात तेलवाले होते. एकेक सफर दहा-बारा महिन्यांची. ते आता हयात नाहीत. म्हणजे समुद्र पाहिलेला माणूस गेला आणि वाट पाहणारी तेवढी मागे राहिली. तिच्याकडूनच जे कळेल ते कळणार होते. नावे सांगू नयेत अशी घरच्यांची इच्छा असल्याने मी ती सांगत नाही.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीत ३१ प्रश्न होते. 'तुझा जन्म कधी झाला?', 'लग्न कोणत्या साली झाले?', 'दादा जहाजावर असताना तुला एकटे वाटायचे का?', 'तेव्हा फार हाल झाले असतील ना?' असे ते प्रश्न होते. यात वाईट काही नाही, परंतु यांतील बहुतेकांची उत्तरे एका शब्दाची आहेत. 'एकटे वाटायचे का?' याला 'हो' म्हणून दादी थांबतील. 'हाल झाले असतील ना?' या प्रश्नात तर उत्तर आधीच दिलेले आहे, दादींनी फक्त त्यावर मान डोलवायची. आणि 'साल कोणते?' हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला की वृद्ध माणूस आठवू लागतो, आठवत नाही म्हणून ओशाळतो, आणि पुढची पंधरा मिनिटे परीक्षेला बसल्यासारखा उत्तरे देतो.

सालाची गरज असतेच, पण ते दुसऱ्या वाटेने मिळवावे. दादींना साल आठवत नव्हते, परंतु कोयनेचा भूकंप चांगला आठवत होता. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट कोकणात त्या वयाच्या फारच थोड्या लोकांच्या विस्मरणात गेली आहे. 'भूकंप झाला तेव्हा दादा घरी होते की सफरीवर?' असे विचारताच दादींनी सांगितले की ते सफरीवर होते, थोरला मुलगा रांगत होता, आणि सगळ्यांनी मुलांना उचलून अंगणात धाव घेतली. एका प्रश्नात साल कळले, मुलाचे वय कळले आणि एक प्रसंगही मिळाला. बाकीची पडताळणी घरात जपून ठेवलेल्या खलाशीपुस्तकावरून झाली. जहाजावर काम करणाऱ्याच्या त्या सरकारी पुस्तकात कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला याच्या नोंदी व शिक्के असतात. दादींचे सांगणे आणि पुस्तक यांत एके ठिकाणी वर्षाचा फरक पडला. तेथे मुलीने दादींना अडवले नाही, हे योग्यच झाले. बोलणाऱ्याला मध्येच दुरुस्त केले की तो पुढे बेताने बोलू लागतो. चित्रपटात त्या वाक्यावर पुस्तकाचे ते पान दाखवले. पाहणाऱ्याला तारीख दिसते आणि दादींचे वाक्यही जसेच्या तसे राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. सफरीवरून पत्रे येत असत, ही या मुलाखतीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे हे मुलीला ठाऊक होते. तिने लिहिले होते, 'पत्र आले की तुला कसे वाटायचे?' मी तिला म्हटले, वाटण्याबद्दल विचारू नकोस, पत्र आल्यावर घरात काय घडायचे ते विचार. मग प्रश्न असा झाला : 'दादी, पोस्टमन पत्र देऊन गेला, त्यानंतर काय काय व्हायचे ते सगळे सांग. वाचायचे कोण, आणि तेव्हा कोण कोण बसलेले असायचे?'

दादींना वाचता येत नव्हते. पत्र सासऱ्यांच्या हाती जाई, संध्याकाळी शेजारचा एक शिकलेला मुलगा येई, पडवीत सगळे बसत आणि तो मोठ्याने वाचून दाखवी. दादी दाराआड उभ्या राहून ऐकत. हे सांगून त्या थांबल्या. मग म्हणाल्या की सगळ्यांसमोर वाचले जाणार हे त्यांनाही माहीत होते, म्हणून पत्रात माझ्यासाठी असे काहीच नसे. फक्त शेवटी एक ओळ असे, विहिरीजवळच्या झाडाला पाणी घालत जा. झाड आंब्याचे, लग्नाच्या वर्षी लावलेले. ती ओळ कोणाला उद्देशून आहे हे पडवीतल्या कोणालाही कधी कळले नाही.

मित्रहो, 'कसे वाटायचे?' या प्रश्नाला हे उत्तर आले नसते. पत्र वाचणारा कोण, ऐकणारे कोण, आपण कोठे उभे होतो, हे आठवताना माणूस त्या जागी पुन्हा जातो, आणि मग भावना आपोआप येते, मागावी लागत नाही. दुसरी गोष्ट त्या थांबण्याची. दादी जेथे थांबल्या तेथे मुलीने पुढचा प्रश्न विचारला असता तर झाड गेले असते. मी तिला सांगून ठेवले होते की उत्तर संपले असे वाटले की मनातल्या मनात पाचपर्यंत मोज, तोपर्यंत नजर दादींवरच ठेव. आणि 'हो', 'बरं', 'अच्छा' असे हुंकार देऊ नकोस, फक्त मान हलव. हुंकार बोलणाऱ्याच्या शब्दावर बसला तर तो नंतर काढता येत नाही. संकलनाच्या टेबलावर मी हुंकारांइतका दुसऱ्या कशानेच त्रासलेलो नाही.

प्रश्न करताना आणखी एक पाहावे. आपला आवाज चित्रपटात नको असेल तर उत्तर प्रश्नावाचून समजले पाहिजे. 'तुझे माहेर कोठे?' याला दादी 'पलीकडच्या तीरावर' असे म्हणतील. प्रश्न काढला की हे उत्तर अधांतरी राहते. 'प्रश्नातले शब्द घेऊन पूर्ण वाक्यात उत्तर द्या' असे पुष्कळजण सांगतात. वृद्ध माणसाला हे दोन उत्तरांपलीकडे लक्षात राहत नाही, आणि तो शाळेतल्यासारखा बोलू लागतो. त्यापेक्षा प्रश्नच 'सांग' या शब्दाने करावा. 'लग्न होऊन तू तरीतून या गावी आलीस तो दिवस सांग.' याला उत्तर गोष्टीसारखेच येते. आणि प्रश्न घरात जी बोली बोलतात तीतच विचारावा. दादी घरी कोकणी बोलतात. मुलीने पुस्तकी मराठीत विचारले असते तर दादींनीही पाहुण्यांशी बोलावे तसे उत्तर दिले असते. बोली न कळणाऱ्यांसाठी खाली अक्षरे देता येतात.

३१ प्रश्नांचे शेवटी नऊ राहिले. सुरुवात हातांच्या कामापासून केली : भातलावणी, विहिरीचे पाणी, चूल. वृद्ध माणसे कामाविषयी न अडखळता बोलतात आणि तोवर कॅमेऱ्याचा विसर पडतो. पत्रांचा प्रश्न पाचवा होता. यजमानांच्या अखेरच्या आजाराचा आठवा, आणि नववा पुन्हा हलका, नातवंडांच्या खोड्यांचा. ज्याला दुःखाचे बोलायला लावले त्याला त्याच जागी सोडून कॅमेरा बंद करून उठू नये. एक भेट आधी कॅमेऱ्यावाचून झाली होती. त्या भेटीत विषय तेवढे विचारावेत, गोष्टी पुऱ्या सांगू देऊ नयेत. 'हे त्या दिवशी ऐकते' असे म्हणून थांबवावे. काल सांगितलेली गोष्ट माणूस आज आटोपशीर सांगतो, आणि 'मी तुला सांगितलेच आहे की' असे मध्ये घालतो.

आता चौकट, म्हणजे फ्रेम. मुलीजवळ एक मोबाइल, एक साधी तिकाटणी आणि कॉलरला लावायचा छोटा माइक होता. एवढे पुरते. दादींची नेहमीची जागा पडवीतली खुर्ची होती, पण तेथे त्यांच्या मागे उघडे अंगण येत होते. मागे ऊन आणि पुढे माणूस अशी मांडणी केली की चेहरा काळा पडतो. खुर्ची फिरवून अंगणाचा उजेड एका बाजूने गालावर येईल अशी ठेवली आणि मागे घराची आतली भिंत आली, जरा दूर, पेटीसकट. जागा मात्र त्यांचीच राहिली. ओळखीच्या जागेवरून माणसाला उठवून दिवाणखान्यात सोफ्यावर बसवले की त्याचे बोलणेही सोफ्यावर बसते.

मोबाइल अगदी जवळ ठेवला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. म्हणून तो सहा-सात फूट मागे नेऊन दुपटीच्या भिंगावर ठेवला. उंची दादींच्या डोळ्यांइतकी. उभ्या माणसाने वरून घेतलेल्या चित्रात बसलेला वृद्ध केविलवाणा दिसतो. मुलगी भिंगाला जवळजवळ खेटून, दादींच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली. दादींनी तिच्याशी बोलायचे, कॅमेऱ्याशी नाही. ज्या बाजूला दादी पाहतात त्या बाजूला चौकटीत थोडी मोकळी जागा राखली, नाही तर माणूस भिंतीवर आदळल्यासारखा वाटतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की उजेड आणि स्पष्टता जागच्या जागी राहते. तसे न केल्यास दादींनी हात हलवला की चित्र उजळते आणि मंदावते.

चौकटीचे दोन आकार आधीच ठरवून ठेवले होते. कामाच्या प्रश्नांना कमरेपासून वर, कारण दादींचे हात बोलतात. पत्रांच्या प्रश्नापासून पुढे छातीपासून वर. बदल फक्त दोन प्रश्नांच्या मध्ये, पाणी पिण्याच्या निमित्ताने करायचा. उत्तर चालू असताना तिकाटणीला हात लावायचा नाही. याचा फायदा दुहेरी आहे. पाहणाऱ्याला कळत न कळत जवळ नेले जाते, आणि एका आकारातले उत्तर दुसऱ्या आकारातल्या उत्तराला जोडताना उडी दिसत नाही.

आवाजाचे एकच सांगतो. डोक्यावरचा पंखा आणि फ्रीज बंद करा, माइक तोंडापासून वीतभर ठेवा, आणि सगळे झाल्यावर कोणीही न बोलता त्या जागेची एक मिनिट शांतता टिपून घ्या. ती कशाला लागते ते पुढे येईलच.

मधली चित्रे, ज्यांना आमच्या धंद्यात कटअवे म्हणतात, ती म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर क्षणभर दुसरीकडे नेणारी चित्रे. लोक ती शोभेसाठी घेतात : फुले, मावळता सूर्य, खाडीवरचे बगळे. मुलीनेही अशी वीस-बावीस घेतली होती आणि त्यांतले एकही लागले नाही. कटअवेची खरी यादी मुलाखत ऐकल्यावरच तयार होते. म्हणून मी तिला संध्याकाळी सगळी मुलाखत कानाने ऐकायला लावली, आणि दादींनी नाव घेतलेली प्रत्येक हाताला लागणारी वस्तू लिहून काढायला सांगितली. पेटी, पत्रांचा गठ्ठा, खलाशीपुस्तक, विहीर, आंब्याचे झाड, आतल्या दाराची चौकट, तांदळाची भाकरी. दुसऱ्या दिवशी एवढ्याच गोष्टी टिपल्या, पण प्रत्येक तीन अंतरांवरून : लांबून, मधून आणि अगदी जवळून. प्रत्येक वेळी कॅमेरा न हलवता दहा सेकंद. नवशिका दोन सेकंदांत हात काढतो, आणि टेबलावर नेमके तिसरे सेकंद लागते. भाकरी दादींनी दोन थापल्या. पहिल्या वेळी लांबून घेतले, दुसऱ्या वेळी फक्त हात. दोन्ही जोडल्यावर एकच भाकरी थापल्यासारखी दिसते.

जहाजाचे चित्र कोठून आणायचे, हा प्रश्न आला. मुलीने कोठून तरी एका मालवाहू जहाजाचे चित्रण मिळवले होते. ते दादांचे जहाज नव्हते. मी ते वापरू दिले नाही. दादींनी ते जहाज कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या आठवणीत जहाज म्हणजे एक नाव आणि पाकिटावरचे परदेशी तिकीट. तेच दाखवले.

आता ज्या ठिकाणी कटअवे खरोखर लागला ते सांगतो. कच्चे संकलन दादींना दाखवले. दाखवायलाच हवे, आणि गावभर दाखवण्याआधी. पत्रांचा भाग पाहून त्या म्हणाल्या, हे राहू दे, पण पत्र वाचणाऱ्याचे नाव काढ, त्याच्या घरच्यांना वाटेल मी त्याला नावे ठेवते. नाव वाक्याच्या मधोमध होते. नाव कापले की चेहरा एकदम एका बाजूला झटका खातो आणि कापल्याचे कोणालाही दिसते. तेथे दाराच्या चौकटीचे चित्र सहा सेकंद घातले. ते नावाच्या दोन सेकंद आधी सुरू होते आणि वाक्य संपल्यावर जाते, म्हणजे दादी दाराआड उभ्या होत्या असे सांगतात तेव्हा डोळ्यांसमोर ते दारच असते. आवाजात नाव गेले त्या जागी अर्ध्या सेकंदाची पोकळी राहिली. ती त्या एक मिनिटाच्या टिपलेल्या शांततेतून भरली. कोरी शांतता घातली असती तर कानाला खड्डा जाणवला असता. तेथे पडवीची शांतता आहे, दूरच्या कावळ्यासकट.

याच सोयीचा दुरुपयोगही होतो, तो ओळखायला शिका. चित्राखाली वाक्य कापता येते, म्हणून अर्थही फिरवता येतो. दादी म्हणाल्या होत्या, 'पैसे वेळेवर यायचे, पण आजारी पडले तेव्हा कोण होते?' पहिल्या संकलनात मुलीने भाकरीच्या चित्राखाली 'पैसे वेळेवर यायचे' एवढेच ठेवले, कारण पुढचे ऐकून वडिलांना वाईट वाटेल. मी तिला म्हटले, दोन्ही ठेव किंवा दोन्ही काढ. अर्धे ठेवशील तर ते दादींचे राहत नाही. कसोटी सोपी आहे. चित्र बंद करून नुसता आवाज बोलणाऱ्याला ऐकवावा आणि विचारावे, हे तू म्हणालीस का? दादींनी दोन्ही ठेवायला सांगितले. त्यांच्या मुलाने, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, ते वाक्य प्रथम चित्रपटातच ऐकले.

एक भाग मात्र पूर्ण गेला. आठव्या प्रश्नाचे उत्तर चार मिनिटांचे होते, चित्रणाच्या दृष्टीने सगळ्यांत चांगले. दादी म्हणाल्या, हे तुझ्यासाठी सांगितले, लोकांसाठी नाही. ते वेगळ्या नावाने घरच्या संगणकावर जपून ठेवले आहे. नऊ मिनिटांचा चित्रपट आठ मिनिटे दहा सेकंदांचा झाला, आणि आजाराच्या जागी फक्त पेटीचे झाकण बंद होताना दिसते. शेजारच्या एका वयस्क बाईंनी चेहरा नको, हात चालतील, असे सांगितले होते. भाकरीच्या वेळी त्यांचे हात दादींच्या हातांशेजारी आहेत, आणि आवाजही.

सगळे मिळून मुलाखतीचे चित्रण ७० मिनिटांचे होते. दोन सकाळी घेतले, दर वेळी अर्ध्या-पाऊण तासावर नाही, कारण त्यानंतर दादींचा आवाज बारीक होत जाई आणि उत्तरे आखूड. ही आखूड उत्तरे हीच थांबण्याची खूण. मुलगी दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ आंब्याच्या झाडाचे चित्रण करीत होती तेव्हा दादी काठी टेकत तेथे आल्या आणि बादलीतले उरलेले पाणी बुंध्याशी ओतले. कोणी सांगितले नव्हते. कॅमेरा तिकाटणीवर चालू होता, म्हणून ते मिळाले. तिथेच आम्ही चित्रपट संपवला, आवाजावाचून, अकरा सेकंद.